मेंदूमृत्यू : कुटुंबीयांच्या हाती द्यावयाचे निवेदन

मेंदूमृत्यू झालेल्या व्यक्तीची छाती वर-खाली होत असते, हात उबदार लागतो आणि यंत्राच्या पडद्यावर हृदयाचे ठोके दिसत असतात. अशा वेळी ‘मृत्यू झाला आहे’ हे शब्द कानांवर पडले, तरी डोळ्यांना ते पटत नाहीत. शिवाय तोंडी सांगितलेले त्या क्षणी निम्मेही ध्यानात राहत नाही, आणि रात्रीच्या गाडीने गावाहून येणाऱ्या भावाला ते तिसऱ्याच्याच तोंडून कळते. म्हणून डॉक्टरांनी समक्ष बोलावे आणि त्यानंतर तेच सोप्या मराठीत लिहून कुटुंबाच्या हाती द्यावे, असे आम्हांस वाटते. या निवेदनात कोणते शब्द असावेत व कोणते नसावेत, याचा विचार येथे एका कल्पित उदाहरणाच्या आधारे करीत आहोत.

अठ्ठेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ अचानक तीव्र डोकेदुखी होऊन बेशुद्ध झाले. सीटी स्कॅनमध्ये मेंदूत मोठा रक्तस्राव आढळला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या प्रकाशाने आकुंचन पावेनाशा झाल्या आणि श्वासनलिकेतील स्राव नळीने ओढून काढतानाही खोकला येईना. मेंदूचा सर्वांत खालचा भाग म्हणजे मेंदूस्तंभ. शुद्ध राहणे आणि श्वास घेणे या दोन्हींचे मूळ तेथे आहे. तो कायमचा बंद पडला आहे काय, हे आता तपासावयाचे होते.

आपल्या देशात ही तपासणी 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार होते. चार डॉक्टरांचे मंडळ ती करते, आणि अवयव प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातील कोणीही त्यात नसतो. तपासणी दोनदा करावी लागते व दोहोंमध्ये किमान 6 तासांचे अंतर ठेवावे लागते. कुटुंबाच्या मनात खोटी आशा रुजते ती बहुधा याच सहा तासांत. ‘पुन्हा तपासणार आहेत, म्हणजे काहीतरी शक्यता असेल,’ असा अर्थ सहज लावला जातो. म्हणून पहिले निवेदन दुसऱ्या तपासणीनंतर देण्याऐवजी पहिल्या तपासणीनंतर लगेच द्यावे. त्याचा नमुना असा :

“आज सकाळी 10 वाजता आम्ही आपल्या पतींच्या मेंदूची तपासणी केली. त्यापूर्वी झोपेच्या औषधांचा परिणाम उरलेला नाही, शरीराचे तापमान व रक्तदाब पुरेसे आहेत आणि रक्तातील साखर किंवा क्षार यांमुळे ही अवस्था आलेली नाही, याची खात्री करून घेतली. डोळ्यांवर प्रकाश टाकला, बुबुळाला कापसाने स्पर्श केला, कानांत बर्फाचे पाणी सोडले, घशाला स्पर्श केला. मेंदूकडून कोणताही प्रतिसाद आला नाही. त्यानंतर भरपूर प्राणवायू देऊन श्वसनयंत्र काही मिनिटे वेगळे केले. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला, की मेंदूस्तंभ श्वास घेण्याची आज्ञा देतो. तो पुरेसा साठला, तरी त्यांनी एकही श्वास घेतला नाही.

कायद्याप्रमाणे हीच तपासणी दुपारी 4.30 वाजता पुन्हा होईल. निष्कर्षात कोणतीही चूक राहू नये, यासाठी ती आहे. तोपर्यंत सुधारणा होईल, अशी आमची अपेक्षा नाही. ज्या नातेवाइकांना त्यांना पाहावयाचे असेल, त्यांना आता बोलावून घ्यावे.”

या मजकुरात ‘जवळजवळ गेले आहेत’ किंवा ‘फारशी आशा नाही’ असे शब्द नाहीत. ‘फारशी नाही’ या शब्दांतून ‘थोडी आहे’ असेच ऐकू येते. तसेच दुसऱ्या तपासणीपूर्वी ‘मृत्यू झाला’ असेही लिहिलेले नाही, कारण तो अद्याप प्रमाणित झालेला नाही. जे ठाऊक आहे तेवढेच लिहावे.

दुपारची तपासणी व श्वासाची परीक्षा यांचे निष्कर्ष तेच आले. मंडळाच्या चारही डॉक्टरांनी प्रमाणपत्रावर सह्या केल्यावर दुसरे निवेदन दिले जाते :

“आपल्या पतींचा मृत्यू झाला आहे. दोन्ही तपासण्यांत त्यांच्या मेंदूस्तंभाचे कार्य पूर्णपणे व कायमचे थांबल्याचे आढळले. ही बेशुद्धी किंवा कोमा नव्हे. कोमात मेंदूचा काही भाग कार्य करीत असतो, आणि काही रुग्ण त्यातून बाहेर येतात. मेंदूमृत्यूतून कोणीही परत येत नाही.

त्यांची छाती हलते आहे, कारण यंत्र फुप्फुसांत हवा भरीत आहे. हृदयाला ठोक्यांसाठी मेंदूची आज्ञा लागत नाही. प्राणवायू मिळत असेपर्यंत ते काही काळ आपोआप चालते. यंत्र चालू असूनही तेही बहुधा काही तासांत किंवा काही दिवसांत थांबते. क्वचित हात किंवा पाय हललेला दिसेल. ती हालचाल मणक्यातील मज्जारज्जूतून होते. ती जाग येण्याची खूण नाही. त्यांना वेदना होत नाहीत.”

मज्जारज्जूच्या हालचालीचे वाक्य आम्हांस विशेष आवश्यक वाटते. आधी सांगितलेले नसेल, तर पत्नीच्या हातातील बोटे हलल्याबरोबर डॉक्टरांचे सर्व म्हणणे खोटे ठरते. आधी वाचलेले असेल, तर दुःख कमी होत नाही, पण फसवणूक झाल्यासारखे वाटत नाही.

बोलण्यातील काही सवयीही येथे बदलाव्या लागतात. ‘यंत्रावर जिवंत ठेवले आहे’ असे कोणी म्हणाले, की मृत्यूचे विधान पुसले जाते. ‘यंत्राने श्वास चालू आहे’ एवढेच म्हणावे. परिचारिका ‘पेशंट आता स्थिर आहे’ असे सांगते तेव्हा तिला रक्तदाब अभिप्रेत असतो, कुटुंब मात्र त्यातून प्रकृतीची सुधारणा ऐकते. म्हणून निवेदनाची एक प्रत परिचारिकांच्या टेबलावरही असावी आणि पाळी बदलली तरी सर्वांनी तेच शब्द वापरावेत.

कुटुंबाचा एक प्रश्न बहुतेक वेळा मनातच राहतो : बिल वाढावे म्हणून तर यंत्र चालू ठेवलेले नाही ना? तो विचारला जाण्याची वाट न पाहता, पहिल्या तपासणीपासून पुढील खर्चाचा हिशेब कसा राहील, हे समक्ष सांगावे. अवयवदानाचा विषय मात्र या कागदात घालू नये. कायद्याने तो नातेवाइकांपुढे मांडणे अपेक्षित आहे, पण मृत्यूची बातमी आणि दानाची विनंती एकाच कागदावर आली, तर पहिली दुसरीसाठीच सांगितली, असा संशय येतो. मृत्यू कुटुंबाला उमगल्यानंतर, स्वतंत्र बैठकीत, प्रत्यारोपण समन्वयकाने तो मांडावा. दानास नकार आला, तर यंत्राविषयी पुढे काय करावयाचे, हे कुटुंबाशी पुन्हा बसून ठरवावे, आणि त्या नकाराने मृताच्या देखभालीत काहीही उणे पडू देऊ नये.

निवेदनाच्या अखेरीस दोनच गोष्टी असाव्यात : मृत्यूची नोंद केलेली वेळ, आणि त्या रात्री प्रश्न विचारण्यासाठी ज्या डॉक्टरांना भेटावयाचे त्यांचे नाव. गावाहून उशिरा पोहोचलेल्या भावाने तो कागद वाचून त्या डॉक्टरांना बोलाविले, तर त्यांनी बसून, पहिल्यापासून, त्याच शब्दांत सर्व पुन्हा सांगावे.