सोळा न्यूरॉन, पण काम एकाचेच

प्रश्न : मँगनीज खनिजाच्या नमुन्यांची प्रत आठ मोजमापांवरून ओळखणारे न्यूरल नेटवर्क बनवले आहे. मधल्या थरात १६ न्यूरॉन आहेत. सगळे भार ०.१ ठेवून सुरुवात केली, पण अचूकता वाढत नाही. ड्रॉपआउट लावू का?
– एक विद्यार्थी, बालाघाट

उत्तर : आधी सुरुवातीचे भार बदला. आत्ता सोळाही न्यूरॉनना तीच आठ मोजमापे त्याच भारांनी मिळतात, म्हणून सगळ्यांचे उत्तर एकच येते. पुढचे भारही समान असल्याने चूक मागे येताना प्रत्येकाला दुरुस्तीही तेवढीच मिळते. हजार फेऱ्यांनंतरही ते जुळेच राहतात. पहिल्या थराचे भार छापून पाहा, सोळा ओळी हुबेहूब सारख्या दिसतील.

भार शून्याभोवती यादृच्छिक घ्या. रेलू वापरत असाल, तर प्रमाण विचलन √(२/८), म्हणजे ०.५ ठेवा. बायस शून्य चालेल.

ड्रॉपआउट प्रत्येक फेरीत काही न्यूरॉन यादृच्छिकपणे बंद ठेवते. त्यामुळे जुळे थोडे वेगळे होऊ लागतात, पण हा त्यावरचा भरवशाचा इलाज नव्हे. उदाहरणार्थ, रेलू वापरताना सगळे भार आणि बायस शून्य असतील, तर ड्रॉपआउट लावूनही मधल्या थराला दुरुस्तीच पोहोचत नाही. ड्रॉपआउटचे खरे काम घोकंपट्टी रोखणे. सरावाच्या नमुन्यांवर अचूकता चांगली आणि नव्या नमुन्यांवर कमी आली, तरच ते लावा आणि चाचणीच्या वेळी बंद करा.