सूर्याला पणती दाखवताना

आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालयाची तीन दिवसांची व्याख्यानमाला असते. पाहुण्यांचा परिचय करून देण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. शाळेत मराठी शिकवायचे, आवाज बरा, म्हणून ते आलं आणि माझ्याकडेच राहिलं. एका वर्षी रंगभूमी गाजवलेले एक ज्येष्ठ नट यायचे होते. मी उभी राहिले आणि म्हणाले, "आजच्या पाहुण्यांना परिचयाची गरज नाही. त्यांचा परिचय मी करून देणं म्हणजे सूर्याला पणती दाखवण्यासारखं आहे." पुढच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर मी दोन पानं वाचली. जन्म, शिक्षण, नाटकांची यादी, पुरस्कारांची यादी, परदेश दौरे. वाचायला नऊ मिनिटं लागली.

पाहुणे उठले आणि मागे पाहत म्हणाले, "शेवटच्या रांगांतल्या मुलामुलींसाठी आधी थोडं सांगतो, मी काय काम केलं ते." त्या दिवशी कनिष्ठ महाविद्यालयाची शंभरेक मुलं आली होती. त्यांच्या जन्माआधी ज्यांची नाटकं बंद झाली, त्या माणसाला ती कशी ओळखणार? पाहुण्यांनी आपल्या पन्नास मिनिटांतली आठ मिनिटं स्वतःची ओळख करून देण्यात घालवली. शेवटी घाई झाली आणि ज्यासाठी त्यांना बोलावलं होतं, तो संवादफेकीचा भाग आटोपता घ्यावा लागला. चहाच्या वेळी ते शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्ही गरज नाही म्हणालात, मग ते मलाच करावं लागलं." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते वाक्य मला जास्त लागलं.

'परिचयाची गरज नाही' या माझ्या वाक्यातली चूक मला तेव्हा कळली. ज्यांना पाहुणे ठाऊक आहेत, त्यांना त्यातून नवं काही मिळत नाही. ज्यांना ठाऊक नाहीत, त्यांना मात्र आपण गप्प करतो. सगळ्यांना माहीत असलेलं आपल्याला माहीत नाही, हे शेजाऱ्याजवळ कबूल करायची लाज वाटते. आणि वक्त्याचा तर त्यात मानही राखला जात नाही. कारण ते वाक्य कोणत्याही प्रसिद्ध माणसाला चालतं. त्यांच्यासाठी म्हणून आपण काहीच शोधलेलं नसतं.

तेव्हापासून मी यादीऐवजी एक कृती शोधते. पाहुण्यांच्या आयुष्यातली एकच अशी गोष्ट, जी आजच्या विषयाकडे जाते आणि ओळखणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसते.

आमच्या सूत्रसंचालनाच्या शिबिरात मी सरावासाठी जयंत नारळीकरांचं नाव देते. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. ते हयात आहेत आणि आपल्याकडे विज्ञानकथेवर बोलायला आलेत असं धरून परिचय लिहा, असं सांगते. पहिला मसुदा बहुतेकांचा सारखाच असतो: कोल्हापूरचा जन्म, केंब्रिज, पद्मविभूषण, परिचयाची गरज नाही. सगळं खरं, पण विज्ञानकथेबद्दल एक अक्षर नाही. मग मी १९७४ सालाकडे वळायला सांगते. त्या वर्षी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे नारळीकरच. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं त्यांनी उलटी केली होती, म्हणजे निकाल नावावर नव्हे, कथेवर लागेल. एवढ्यावरून शिबिरातल्या एका मुलीने लिहिलेली सुरुवात मी जपून ठेवली आहे:

"पन्नासेक वर्षांपूर्वी एका शास्त्रज्ञाने विज्ञानकथा लिहिली आणि स्पर्धेला पाठवताना स्वतःचं नाव लपवलं. १९६५ सालीच पद्मभूषण मिळालेलं ते नाव होतं, ते पाहून परीक्षक दबले असते. कथेला पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा ते जगताप नावाच्या अनोळखी लेखकाला मिळालं. विज्ञानकथा स्वतःच्या बळावर उभी राहते का, हे ज्यांनी असं तपासून पाहिलं, ते डॉ. जयंत नारळीकर आज आपल्याशी विज्ञानकथेविषयी बोलणार आहेत."

नारळीकरांना ओळखणारे यात रमतात आणि न ओळखणाऱ्याला ते कळतात. पुरस्कार एकच आला, तोही गोष्टीला हवा म्हणून. नाव शेवटी आल्यामुळे टाळ्या आणि वक्त्याचं उठणं एकाच वेळी होतं. पण हाच परिचय शाळकरी मुलांपुढे मी करणार नाही. तिथे पोस्टकार्डाची गोष्ट घेईन: स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायला सांगत आणि उत्तराखाली सही करून पाठवत. श्रोते बदलले की गोष्ट बदलते.

यातही पाय घसरतो. नाव शेवटी ठेवायचं म्हणजे कोडं घालायचं नाही. मागे फलकावर हातभर अक्षरांत नाव आहे, पाहुणे समोर बसलेत, आणि आपण "कोण बरं असतील हे?" म्हणतो, तेव्हा सभागृह अवघडतं. दुसरी चूक माझ्याकडूनच झाली. एका लेखिकेच्या आत्मचरित्रातला सुंदर प्रसंग मी परिचयात सांगितला आणि त्याच प्रसंगाने त्या भाषण सुरू करणार होत्या. आता मी चार दिवस आधी फोन करते आणि विचारते: सुरुवात कशाने करणार? कोणती गोष्ट मी सांगू नये? आणि छापील परिचयात काही चुकीचं किंवा जुनं आहे का? तिसऱ्या प्रश्नाला जवळजवळ प्रत्येक वेळी काहीतरी निघतं. कुणी त्यात छापलेलं पद कधीच सोडलेलं असतं, कुणाच्या नावावर दुसऱ्याचं पुस्तक असतं.

आदरासाठी पदव्या चढवायचीही गरज नाही. नावाआधी 'पद्मश्री' किंवा 'पद्मभूषण' जोडणं तर चूकच आहे. हे सन्मान किताब नाहीत आणि नावामागे वा पुढे लावायचे नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच स्पष्ट केलं आहे. "त्यांना पद्मभूषण मिळालं आहे" असं म्हणावं. लांबीचं म्हणाल तर मी दोनशे शब्दांवर जात नाही. सावकाश बोललं तरी ते दोन मिनिटांत होतं. शेवटची दोन वाक्यं पाठ असतात, म्हणजे नाव घेताना कागदाकडे नव्हे, पाहुण्यांकडे पाहता येतं.

गेल्या वर्षी आमच्याकडे बियाण्यांवर काम करणाऱ्या एक नावाजलेल्या बाई आल्या होत्या. फोनवर त्यांनी सांगितलं होतं की पहिली बी त्यांना सासूबाईंच्या शेणाने लिंपलेल्या कणगीत सापडली. "हे तुम्हीच सांगा, मला सांगताना रडू येतं," असंही म्हणाल्या. मी तेवढंच सांगितलं आणि त्यांचं नाव घेतलं. त्या माइकपाशी आल्या, पिशवीतून मूठभर वाल काढले आणि म्हणाल्या, "त्या कणगीतली बी ही." भाषण तिथूनच सुरू झालं.