केमो द्यायची की नाही, हे गाठीलाच विचारलं तर?

प्रश्न : माझ्या सासूबाईंचं (वय ५८) दोन आठवड्यांपूर्वी स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन झालं. रिपोर्टमध्ये गाठ २.२ सेंमी, ग्रेड २, काखेतल्या गाठी स्वच्छ, ईआर आणि पीआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह असं लिहिलंय. डॉक्टर म्हणाले, ‘केमो ठरवण्याआधी गाठीची जीन टेस्ट करून घेऊ.’ गाठ तर काढून टाकली, मग आता तपासायचं काय? शिवाय ‘जीन’ म्हटल्यावर माझ्या नणंदा घाबरल्यात, कारण हा आजार घराण्यातून आलाय असंच त्यांना वाटतंय.
— एक वाचक, शिरढोण (ता. पनवेल)

उत्तर : आधी नणंदांची भीती घालवू. वारसाने येणारा दोष शोधायची तपासणी वेगळी. ती रक्तातून करतात आणि तिच्यात बीआरसीए नावाच्या जनुकांमध्ये जन्मापासून बिघाड आहे का, हे पाहतात. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी फक्त गाठीच्या पेशींची आहे, तिच्यावरून मुलींबद्दल काहीच कळत नाही. घरात आधी कुणाला स्तनाचा किंवा बीजकोशाचा कर्करोग झाला असेल, तर रक्ततपासणीबद्दल डॉक्टरांना स्वतंत्रपणे विचारा.

आता गाठीकडे वळू. ऑपरेशनमध्ये निघालेली गाठ टाकून देत नाहीत. ती फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, तिचे तुकडे मेणात बसवतात आणि हे ‘ब्लॉक’ पॅथॉलॉजी विभागात जपून ठेवले जातात. त्यातले पातळ काप या तपासणीला पुरतात, पुन्हा सुई टोचावी लागत नाही.

शरीरातल्या सगळ्या पेशींमध्ये जनुकं जवळजवळ तीच असतात. मोठ्या वाड्यात प्रत्येक खोलीत दिवा असतो, पण रात्री कुठले दिवे लागलेत त्यावरून घरात काय चाललंय ते कळतं. ही तपासणी तसे लागलेले दिवे मोजते. चालू असलेलं जनुक आरएनए तयार करतं. कापातून हा आरएनए वेगळा काढायचा आणि कुठल्या जनुकाचा किती आहे ते मोजायचं. ऑन्कोटाइप डीएक्स या सर्वांत जास्त अभ्यासलेल्या तपासणीत अशी २१ जनुकं असतात. त्यांतली ५ केवळ तुलनेसाठी असतात. उरलेल्या १६ पैकी काही पेशींच्या वाढीचा वेग सांगतात, काही गाठ इस्ट्रोजेनवर किती अवलंबून आहे ते. वेगाच्या जनुकांना हिशेबात सर्वांत जास्त वजन असतं. शेवटी ० ते १०० मधला एक आकडा हाती येतो.

या आकड्याला अर्थ आला तो मोठ्या चाचण्यांमुळे. केमो वेगाने वाढणाऱ्या पेशींना मारते. गाठ सावकाश वाढणारी आणि हार्मोनवर जगणारी असेल, तर गोळ्याच बहुतेक काम करून जातात आणि केमोला करण्यासारखं फार उरत नाही. हेच पडताळायला ‘टेलरएक्स’ नावाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. तुमच्या सासूबाईंसारख्याच म्हणजे ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह आणि काख स्वच्छ असलेल्या बायका तिच्यात होत्या. ज्यांचा आकडा ११ ते २५ आला, त्या ६,७११ जणींची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली. निम्म्यांना फक्त हार्मोनच्या गोळ्या, निम्म्यांना केमो आणि गोळ्या दोन्ही. ९ वर्षांनी पाहिलं, तर आजार दूरच्या अवयवात न पसरलेल्या बायका गोळ्यांच्या गटात शंभरात ९४.५ होत्या आणि केमोच्या गटात ९५. म्हणजे दोनशे जणींमागे एकीचा फरक, तोही योगायोगाने पडू शकेल एवढा. उरलेल्या जणींनी केस गळणं, उलट्या, पेशी कमी होणं, हातापायांच्या मुंग्या हे सगळं कशासाठी सोसलं, असाच प्रश्न मला पडतो.

समजा, सासूबाईंचा आकडा १८ आला. वय ५८, पाळी गेलेली. मग मला तरी केमोचा आग्रह धरण्याचं कारण दिसत नाही. लेट्रोझोलसारखी गोळी मात्र निदान ५ वर्षं न चुकता घ्यायला हवी. कमी आकड्याचं सगळं आश्वासन या गोळ्यांवरच उभं आहे, हे विसरू नका. आकडा छान आला म्हणून गोळ्याही सोडल्या, तर तो आकडा त्या बाईला लागूच होत नाही.

तोच १८ आकडा ४२ वर्षांच्या बाईचा असता, तर बोलणं वेगळं झालं असतं. टेलरएक्समध्ये पन्नाशीपर्यंतच्या बायकांना १६ ते २० या आकड्यांत केमोने शंभरात साधारण दीड, तर २१ ते २५ मध्ये साडेसहा जणींचा फायदा झालेला दिसला. यातला काही भाग केमोमुळे बीजकोश थंडावल्याने मिळतो असं मानतात. म्हणून तरुण बाईत बीजकोश बंद करणारी इंजेक्शनं आणि गोळ्या हाही पर्याय डॉक्टर समोर ठेवतात.

आणि आकडा ३५ आला तर? तिथे केमो टाळू नका. जुन्या बी-२० चाचणीतल्या ब्लॉकवर मागाहून ही तपासणी केली, तेव्हा ३१ किंवा त्याहून जास्त आकड्याच्या बायकांत नुसत्या टॅमॉक्सिफेनवर १० वर्षांनी पसरण्यापासून वाचलेल्या शंभरात सुमारे ६० होत्या, केमोसह ८८.

कापाची निवड चुकली, तर आकडाही चुकतो. सुई घातलेल्या जागी सूज येते, तिथल्या सुजेच्या पेशीही वेगाने वाढत असतात. त्या कापात आल्या, तर साधी गाठ उगाचच जहाल दिसते. म्हणून ग्रेड १ च्या, ईआर-पीआर भरपूर असलेल्या गाठीचा आकडा ४० आला, तर पॅथॉलॉजिस्टने स्लाइड पुन्हा पाहायला हवी. ऑपरेशनच्या आधीच केमो झालेली असेल, तर नंतर काढलेल्या गाठीवर ही तपासणी करत नाहीत. हर-टू पॉझिटिव्ह किंवा तिन्ही निगेटिव्ह गाठीतही तिचा उपयोग नाही. काखेत एक ते तीन गाठी लागलेल्या असतील, तर पाळी गेलेल्या बाईत ती चालते, पण पाळी चालू असेल तर आकडा कमी असूनही केमोचा फायदा दिसला आहे.

राहिला खर्च. नमुना अमेरिकेत जातो आणि बिल लाखांच्या घरात होतं. पैसे जमवता जमवता महिने घालवू नका, कारण केमो लागलीच तर ती ऑपरेशननंतर ३ महिन्यांच्या आत सुरू झालेली बरी. बेंगळुरूची कॅनअसिस्ट ब्रेस्ट ही तपासणी आपल्याकडे होते, ती जनुकं न मोजता ५ प्रथिनं आणि गाठीची माहिती यांच्यावरून धोका सांगते. ईआर, पीआर, ग्रेड, केआय-६७ आणि गाठीचा आकार यांच्यावरून ऑन्कोटाइपचा आकडा अंदाजे काढणारी ‘मॅगी’ समीकरणं तर फुकट आहेत. त्यांचं उत्तर अगदी कमी आलं, तर पुष्कळ डॉक्टर महागडी तपासणी सांगतच नाहीत. मात्र केमोने किती फायदा होईल याचा टेलरएक्सइतका भक्कम पुरावा या दोन्हींमागे नाही. खुद्द टेलरएक्समध्येही भारतातल्या बायका नव्हत्या.

तुम्ही शिरढोणला राहता, खारघरचं टाटाचं ‘ॲक्ट्रेक’ तुम्हाला लांब नाही. दुसरं मत घ्यायचं असेल, तर ब्लॉक, स्लाइड, ऑपरेशनचा पूर्ण रिपोर्ट आणि केआय-६७ चा आकडा सोबत न्या. नुसत्या फोटोंवर काही ठरत नाही. आणि दोन वेगवेगळ्या जीन टेस्ट करून ताडून पाहू नका, कारण एकाच गाठीला एक तपासणी कमी धोक्याची म्हणते, तर दुसरी मधल्या किंवा जास्त धोक्याची, असं बऱ्याचदा होतं.