शुगर डाऊन : रात्रपाळीआधीची उजळणी

मेडिसिन वॉर्डात सिस्टर म्हणून बावीस वर्षं काढली. नवी मुलगी रात्रपाळीला आली की पहिल्या दिवशी तिच्याकडून ही उजळणी करून घेते. ती मला शिकवली एका काकांनी. वय ६८, मधुमेह जुना, पायाला सेल्युलायटिस. घरची ग्लिमेपिराइडची गोळी वॉर्डातही चालू होती. तापामुळे तीन दिवस जेवण म्हणजे दोन घास, आणि क्रिएटिनिन १.३ वरून २.८ वर गेलेलं. पहाटे तीनला त्यांचा मुलगा मला म्हणाला, "सिस्टर, बाबांना आज छान झोप लागलीय."

१. छान झोप लागली म्हणाले, तरी हलवून बघा.
काकांना हाक मारली तर डोळे अर्धवट उघडले. सदऱ्याची कॉलर घामानं भिजलेली. "बैलांना वैरण टाकली का?" असं मलाच विचारू लागले. एचजीटी केली, ३८.
साखर उतरली की आधी शरीर ओरडतं: घाम, थरथर, धडधड, भूक. त्यानंतर मेंदू उपाशी पडतो: असंबद्ध बोलणं, चिडचिड, जड जीभ, झटका, कधी एका बाजूचा हातपाय लुळा. जुन्या मधुमेहींमध्ये पहिली पायरी गळून जाते आणि माणूस थेट दुसरीवर दिसतो. मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधड झाकली जाते, घाम मात्र बहुधा येतोच. म्हणून वागण्यात किंवा शुद्धीत अचानक फरक पडला, की पेशंट वेडं बोलतोय किंवा पॅरालिसिस झाला असं ठरवण्याआधी एचजीटी करायची.

२. दोन आकडे पाठ हवेत: ७० आणि ५४.
७० मिलिग्रॅमच्या खाली गेलं की उपचार सुरू, त्रास होत नसला तरी. ५४ च्या खाली गेलं तर ते गंभीर. शुद्ध हरपत असेल तर आकडा काहीही असो, ती तातडीच.
आकडा फसवतो तोही दोन जागी. पेशंटनं नुकतंच फळ खाल्लेलं असेल किंवा बोटाला ग्लुकोज लागलेलं असेल तर मशीन खोटा चढा आकडा दाखवतं; बोट पाण्यानं धुऊन, कोरडं करून मगच टोचा. आणि ज्या हातात डेक्स्ट्रोजचं सलाइन चालू आहे, त्या हाताचं रक्त घेऊ नका. लक्षणं आणि आकडा जुळत नसतील तर लॅबला सँपल पाठवा, पण रिपोर्टची वाट बघत उपचार थांबवू नका.

३. पुढचा प्रश्न एकच: गिळता येतंय का?
शुद्धीत आहे, नीट गिळतोय, तर १५ ते २० ग्रॅम ग्लुकोज तोंडानं. म्हणजे ग्लुकोज पावडरचे तीन-चार चहाचे चमचे अर्ध्या ग्लास पाण्यात. १५ मिनिटांनी पुन्हा एचजीटी. अजून ७० च्या खाली असेल तर तेवढंच परत.
नातेवाईक इथे दुधाचा चहा आणि बिस्किटं घेऊन धावतात. त्यातली साखर रक्तात पोचायला वेळ लागतो, म्हणून ते नंतर. साखर ७० च्या वर आली की पोळी, भात, जेवणाची वेळ असेल तर जेवणच द्यायचं. आणखी एक खुबी: पेशंट व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेत असेल तर घरची साखर लवकर रक्तात जात नाही, कारण ती फोडण्याचं कामच या गोळ्या अडवतात. त्याला ग्लुकोज पावडरच हवी.

४. शुद्ध नाही, तर तोंडात थेंबही नको.
ओठांवर साखर चोळणारी माया फुफ्फुसात जाऊन बसते. काकांना आम्ही कुशीवर वळवलं, एकीनं डॉक्टरांना फोन लावला, दुसरीनं आमच्या वॉर्डच्या लेखी सूचनेप्रमाणे २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली काढलं. त्यात २५ ग्रॅम ग्लुकोज असतं. मोठ्या शिरेतून, साधारण दहा मिनिटांत. आधी व्हेन चालू आहे याची खात्री. हे द्रावण शिरेबाहेर गेलं तर कातडी जळते. ५० टक्क्यांचं तर आणखीच वाईट.
व्हेन मिळतच नसेल तर ग्लुकागॉन १ मिलिग्रॅम स्नायूत. मात्र ते यकृतातली साठवलेली साखर बाहेर काढतं. उपाशी, दारू पिणाऱ्या किंवा लिव्हर खराब असलेल्या पेशंटच्या यकृतात साठाच नसतो, तिथे त्यावर विसंबू नका. दारू पिणाऱ्या किंवा कुपोषित पेशंटला डेक्स्ट्रोजबरोबर थायामिनही लागतं. डॉक्टरांना आठवण करा.

५. आकडा चढला म्हणजे काम संपलं नाही.
पंधरा मिनिटांत काकांची साखर १४२. डोळे उघडले, मुलाला नावानं हाक मारली. आम्ही सगळ्यांनी सुस्कारा सोडला आणि पुढची एचजीटी सकाळी सातला लिहून ठेवली. साडेपाचला मुलगा धावत आला. ४६.
चूक आमची. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावत राहतं, आणि त्याचा शरीरातला अंश किडनी बाहेर टाकते. किडनी मंदावली की तो रेंगाळतो. आम्ही दिलेलं डेक्स्ट्रोज तासाभरात संपलं, गोळी संपली नव्हती. उलट वाढलेल्या साखरेनं स्वादुपिंडातून आणखी इन्सुलिन निघालं असणार. मग १० टक्के डेक्स्ट्रोज तासाला १०० मिलीनं लावलं, लघवी आणि श्वासावर लक्ष ठेवून. दर तासाला एचजीटी. गोळी बंद. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सलाइन काढता आलं नाही. सल्फोनिलयुरिया गटाची गोळी असेल तर किमान २४ तास, किडनी खराब असेल तर त्याहून जास्त नजर ठेवायची. तरीही साखर परत परत घसरली तर डॉक्टर ऑक्ट्रिओटाइड सांगतात.

६. डेक्स्ट्रोज चालू असतानाच कारण शोधा.
चार गोष्टी बघते. काय दिलं, किती खाल्लं, किडनी कशी आहे, आणि कुठल्या सिरिंजनं दिलं. इन्सुलिन टोचलं आणि जेवणाचं ताट तसंच राहिलं, किंवा सोनोग्राफीसाठी एनबीएम ठेवलं आणि सकाळचा डोस नेहमीसारखाच गेला, ही नेहमीची कारणं. पोटॅशियम उतरवायला इन्सुलिन-डेक्स्ट्रोज दिलेल्या पेशंटची साखर काही तासांनी पडते. सहा तास तरी एचजीटी चालू ठेवा.
सिरिंजचं सांगते. आपल्याकडे ४० युनिटच्या व्हायल आहेत तशा १०० युनिटच्याही. १०० युनिटचं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये भरून १० च्या खुणेपर्यंत ओढलं, तर पेशंटला २५ युनिट जातात. व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवूनच सुई टोचा.

७. घाबरून सगळं इन्सुलिन बंद करू नका.
साखर पडली म्हणून टाइप १ च्या पेशंटचं इन्सुलिन पूर्ण थांबवलं, तर दुसऱ्या दिवशी तोच पेशंट कीटोअॅसिडोसिसमध्ये सापडतो. डोस कमी करायचा असतो आणि तो डॉक्टर ठरवतात. आपण वेळ, आकडा, काय दिलं, किती दिलं, पुन्हा कधी तपासलं, हे सगळं लिहायचं.

काका आठवड्यानं चालत घरी गेले, ग्लिमेपिराइडशिवाय. तेव्हापासून आमच्या वॉर्डात शुगर डाऊन झालेल्या पेशंटचं हँडओव्हर नुसतं कागदावर होत नाही. दोघी खाटेपाशी जातात आणि पुढची एचजीटी किती वाजता, ते मोठ्यानं बोलून मगच पाळी सोडतात. तुम्हीही तसंच करा.