अण्णांवरच्या लेखाविषयी

चि. ओंकार,


अण्णांच्या वर्षश्राद्धाच्या स्मरणिकेसाठी लिहिलेला तुझा लेख पोचला. त्यातली पहिली दोन वाक्यं अशी आहेत: ‘आमचे आजोबा अत्यंत प्रेमळ, शिस्तप्रिय व प्रामाणिक होते. त्यांच्या जाण्याने आमच्या कुटुंबात कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे.’ यातला एकही शब्द खोटा नाही. पण ‘आमचे आजोबा’ खोडून तिथे शेजारच्या जोशीकाकांचं नाव घातलं, तरी वाक्यं तशीच उभी राहतात. तयार वाक्य ओळखायची खूण हीच. ‘काळाच्या पडद्याआड गेले’, ‘पहाडासारखे पाठीशी उभे राहिले’, ‘डोळ्यांच्या कडा पाणावल्या’ या ओळींनाही तीच परीक्षा लाव. ज्यांच्यात नाव बदलून चालतं, त्यांच्याखाली पेन्सिलीने रेघ ओढ.

रेघ ओढली म्हणून वाक्य लगेच खोडायचं नाही. लिहिणाऱ्याला काहीतरी जाणवलं होतं, म्हणूनच ते वाक्य सुचलं. ते काय होतं, एवढंच शोधायचं आहे. त्यासाठी विशेषणाला प्रश्न विचारावा: हे कधी दिसलं, कुठे, आणि माणूस नेमकं काय करत होता?

‘प्रामाणिक’ हाच शब्द घे. अण्णा एसटीत कंडक्टर होते. सुटे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागे बाकी रक्कम लिहून देतो आणि प्रवासी उतरताना ती मागून घेतो. ही सवय अण्णांनी निवृत्तीनंतरही सोडली नाही. दूधवाल्याचे दोन रुपये राहिले, तर ते भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकटीत ‘दूध २’ असं लिहायचे आणि पैसे दिले की त्यावर काट मारायचे. हे लिहिलंस तर ‘प्रामाणिक’ हा शब्द लागतच नाही, शिवाय त्यांची नोकरी आणि स्वभाव दोन्ही एकाच ओळीत येतात. ‘पोकळी’चंही तसंच. ते गेले त्या वर्षीच्या कॅलेंडरात जूनपर्यंत त्यांचं अक्षर आहे आणि पुढचे महिने कोरे आहेत. एवढंच लिही आणि थांब. त्यानंतर ‘ते पाहून मन भरून येतं’ असं जोडायची इच्छा होईलच. बहुतेक चांगले तपशील याच जागी बिघडतात, कारण लिहिणाऱ्याचा वाचणाऱ्यावर विश्वास राहत नाही.

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. आईच्या प्रेमाविषयी त्यात थेट बोललेलं पुष्कळ आहे, आणि गुरुजींची ती रीतच होती. तरी लोकांच्या लक्षात काय राहिलं? आंघोळ झाल्यावर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणारा मुलगा, आणि त्याच्यासाठी धोंड्यावर आपलं लुगडं पसरणारी आई. पुस्तक न वाचलेल्यांनाही हा प्रसंग सांगता येतो. त्यात धोंडा आहे, ओले पाय आहेत, लुगडं आहे. प्रेम हा शब्द वाचणारा आपण होऊन मनात आणतो.

आता एक सावधगिरी. तपशीलसुद्धा उसना असू शकतो. तुझ्या तिसऱ्या परिच्छेदात आजीच्या चुलीचा धूर आणि गोधडीची ऊब आली आहे. अण्णा-आजीचा संसार डोंबिवलीच्या दोन खोल्यांत झाला आणि तुझ्या आठवणीत तरी तिथे गॅसच होता. हा धूर दिवाळी अंकांतल्या आठवणींतून आलेला दिसतो. त्यातली प्रत्येक वस्तू डोळ्यांपुढे उभी राहते, पण तू पाहिलेली एकही नाही. म्हणून ठोस शब्द दिसला की तो आपल्या घरातला आहे का, हेही विचारायला हवं. आठवत नसेल तर जागा मोकळी राहू दे, रचून भरू नकोस. ज्यांनी अण्णांना पाहिलं आहे, ते रचलेली गोष्ट पहिल्याच वाचनात ओळखतील आणि मग खरी गोष्टही त्यांना संशयास्पद वाटेल.

प्रत्येक तयार शब्द काढायचाच, असंही नाही. वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत ‘दुःखद निधन’ आणि खाली ‘शोकाकुल’ हेच योग्य, कारण तिथे काम फक्त कळवण्याचं असतं. सांत्वनाला आलेला माणूस ‘धीर धरा’ म्हणतो, तेव्हा त्याचं येणंच महत्त्वाचं असतं. स्मरणिकेतल्या लेखाचं काम वेगळं आहे. अण्णांना कधीच न भेटलेली तुझी धाकटी चुलत बहीण तो दहा वर्षांनी वाचणार आहे.

जुनी कॅलेंडरं तुझ्या आईने माळ्यावर ठेवली आहेत, ती आधी काढून बघ. नवा मजकूर छापायला देण्यापूर्वी तिला मोठ्याने वाचून दाखव. जिथे ती मध्येच थांबवून ‘असं नव्हतं रे’ म्हणेल, तिथे तिचं ऐक आणि ती सांगेल ते तिथल्या तिथे लिहून घे.

तुझी,
आत्या