उन्हाळ कांद्याची चाळ आणि विक्रीचा हिशेब



उसाचे वजन काट्यावर एकदा झाले की तो विषय संपतो. कांद्याचे तसे नाही. चाळीत घातलेला कांदा रोज थोडाथोडा कमी होत असतो आणि घटलेल्या मालाची पावती कोणी देत नाही. उसाबरोबर दोन-चार एकर उन्हाळ कांदा करणारे सभासद पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. खरीप कांद्याचा येथे विचार नाही. तो टिकत नाही, काढला की विकावा. रांगडाही फार दिवस धरू नये. चाळीसाठी रब्बीचा, म्हणजे एप्रिल-मे मध्ये निघणारा कांदाच घ्यावा. एन-२-४-१, भीमा किरण, भीमा शक्ती अशा टिकाऊ जाती यासाठीच आहेत.

चाळीतली घट तीन प्रकारची असते आणि तिन्हींच्या वेळा वेगळ्या असतात. मे-जूनच्या उन्हात पाणी उडून वजन घटते. जून-जुलैपासून हवा दमट झाली की सड लागते. सप्टेंबरनंतर रात्री गार पडू लागल्या की कोंब फुटतात. साध्या चाळीत चार-सहा महिन्यांत तिन्ही मिळून ४० टक्क्यांपर्यंत माल जातो, कधी त्याहून जास्तही जातो. यापैकी वजनातली घट पूर्ण थांबवता येत नाही. सड मात्र बरीचशी आपल्या हातात आहे आणि तिचे मूळ चाळीत नसून वावरात असते.

आपल्याला उसाची सवय. पाणी आणि युरिया देताना हात आखडत नाही. कांद्याला लागवडीनंतर दोन महिन्यांपुढे नत्र दिले तर मान जाड होते, आणि जाड मानेचा कांदा कितीही सुकवा, आतून ओला राहतो. काढणीआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडावे. शेतातल्या निम्म्याहून जास्त कांद्याच्या माना पडल्या की काढणीला लागावे. सगळ्याच माना पडायची वाट पाहत बसू नये.

आता सुकवण. कांद्याची मान हे बुरशीचे आत शिरायचे दार आहे. मान वाळून पिळली गेली की ते दार बंद होते. सुकवणीचा सगळा खटाटोप एवढ्याचसाठी. उपटलेला कांदा वाफ्यातच ओळीने असा पसरावा, की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर यावी. पात उन्हात आणि कांदा पातीच्या सावलीत. असे तीन ते पाच दिवस ठेवावे. एप्रिलच्या उन्हात उघडा पडलेला कांदा एका बाजूने भाजतो. तो डाग आधी पांढरट, मग मऊ होतो आणि चाळीत पहिल्यांदा तोच कुजतो. नंतर मानेला पीळ देऊन एक इंच नळी ठेवून पात कापावी. अगदी बुडाशी कापली तर दार पुन्हा उघडलंच म्हणायचं. पुढे झाडाखाली किंवा छपरात दहा-बारा दिवस पातळ ढीग करून ठेवावा. मान बोटांत दाबून पाहावी. ती कागदासारखी चुरचुरली आणि आत गरगरीत काही लागले नाही, की माल चाळीला तयार झाला.

मध्येच वळीव आला तर ढिगावर ताडपत्री घालून दिवसच्या दिवस झाकून ठेवू नये, आत वाफ धरते. पाऊस थांबताच उघडावे. भिजलेला माल वेगळा करून थेट बाजाराला न्यावा. चाळीत भरताना जोडकांदा, डेंगळा, जाड मानेचा, कुदळीने कापलेला आणि गोल्टी बाजूला काढावी. बारीक कांदा मोठ्यांच्या फटीत बसतो आणि वारा अडवतो.

चाळीचे मर्म वाऱ्यात आहे. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर, बांबूचा किंवा फळ्यांचा, फटी ठेवून करावा. एका पाखीची रुंदी चार फूट, कांद्याचा थर चार ते पाच फूट, त्यापेक्षा जास्त नाही. रुंदी चार फूट असली की वाऱ्याला मधल्या कांद्यापर्यंत दोनच फूट जावे लागते. जागा आहे म्हणून सहा फूट रुंद केलेल्या चाळीत कांदा मधूनच काळा पडतो आणि वरून पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही. एक पाखी चाळ दक्षिणोत्तर बांधावी, म्हणजे पश्चिमेचा वारा तिच्या लांब बाजूतून आरपार जाईल. दोन पाखी चाळ पूर्व-पश्चिम असावी आणि मध्ये पाच फूट बोळ ठेवावा. ४० फूट लांबीच्या दोन पाखीत साधारण २५० क्विंटल माल बसतो. नुसते पत्र्याचे छप्पर तापते. त्यावर उसाच्या पाचटाचा थर टाकावा, ते आपल्या घरचेच आहे.

पावसाळ्यात सकाळी चाळीजवळ उभे राहून वास घ्यावा. आंबूस वास, चिलटे किंवा तळाखाली पाण्याचे थेंब दिसले तर सड सुरू झाली आहे. कोरडा दिवस पाहून तेवढाच भाग उपसावा. उगाच दर आठवड्याला सगळी चाळ उलथली तर पत्ती झडते, आणि पत्ती गेली की भावही गेला. खळ्यावर साठवण करणाऱ्या व्यापाऱ्यालाही हेच नियम लागू आहेत. म्हणून तर जाणता व्यापारी भाव बोलण्याआधी मान दाबून पाहतो.

आता विक्री. समजा मे मध्ये १०० क्विंटल कांदा चाळीत घातला आणि त्या दिवशी भाव १,२०० रुपये होता. म्हणजे १,२०,००० रुपयांचा माल. जुलैच्या मध्याला ८७ क्विंटल उरला, व्याज आणि निवडणीची मजुरी धरून ४,००० रुपये खर्च झाला. आता मे इतकेच पैसे पदरात पडायला क्विंटलला १,४२५ रुपये मिळायला हवेत. सप्टेंबरअखेर ७० क्विंटल उरला आणि खर्च ८,००० झाला, तर हाच आकडा १,८२९ होतो. सुकवण नीट झाली, चाळ हवेशीर असली आणि ७० ऐवजी ८० क्विंटल उरला, तर १,६०० रुपयांनाच बरोबरी होते. हे आकडे उदाहरणाचे आहेत. आपली उरलेली क्विंटल आणि आपला खर्च घालून प्रत्येकाने ते मांडावेत. ‘मे मध्ये बाराशे होता, आज सोळाशे आहे, चारशे सुटले’ असा हिशेब पुष्कळजण करतात. त्यात घट धरलेलीच नसते.

सगळा माल एकाच भावाच्या आशेने धरू नये, याला आणखी एक कारण आहे. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातच बंद झाली, ती ४ मे २०२४ ला उघडली. पुढे शुल्क कमी होत १ एप्रिल २०२५ पासून काढले गेले. असा हुकूम कधी निघेल ते चाळीत बसून कळत नाही. तेव्हा एक हिस्सा जुलैत, एक ऑगस्ट-सप्टेंबरात आणि सर्वांत घट्ट, दुहेरी पत्तीचा निवडक माल मागे, अशी वाटणी बरी.

मागे ठेवलेल्या मालाची परीक्षा सोपी आहे. सप्टेंबर लागला की दर आठवड्याला पाखीच्या वेगवेगळ्या जागचे दहा कांदे काढून उभे चिरावेत. मधला हिरवा कोंब बुडाशीच असेल तर थोडे थांबायला हरकत नाही. दहातल्या तीन-चारांत तो निम्म्याच्या वर चढलेला दिसला, तर त्या आठवड्यात जो भाव असेल त्याला गाडी भरावी. कोंब मानेबाहेर आला की तोच माल बदल्याच्या भावात जातो.