ॲव्हरेजचे दोन आकडे: कोणावर किती विसंबावं?

विश्रांतवाडी ते शिवाजीनगर रोज जाऊन-येऊन माझी पेट्रोल गाडी डॅशबोर्डवर लिटरला १६.६ किलोमीटर दाखवत होती. एका आठवड्यात मात्र टाकी फुल करून हिशेब काढला, तर १४१ किलोमीटरला १०.६ लिटर पेट्रोल गेलेलं, म्हणजे फक्त १३.३. गॅरेजवाल्यानं लगेच सांगितलं, "साहेब, इंजेक्टर गेलेत, बदलून टाकू." खर्च मोठा होता, म्हणून आधी मागची पावती काढून बघितली. त्या एका कागदानं तो खर्च वाचवला.

त्याआधीची टाकी दुसऱ्या पंपावर भरली होती: ४१० किलोमीटरला २५ लिटर, म्हणजे १६.४. दोन्ही टाक्या एकत्र धरल्या तर ५५१ किलोमीटर आणि ३५.६ लिटर, ॲव्हरेज १५.५. गाडी दोन्ही वेळा तेवढंच देत होती. त्या दुसऱ्या पंपावर नोझल लवकर बंद पडलं, टाकी साधारण दीड लिटर रिकामी राहिली, आणि ते दीड लिटर पुढच्या भरण्यात मोजलं गेलं.

असं का होतं ते समजून घ्या. नोझलच्या टोकाशी एक बारीक भोक असतं. पेट्रोल किंवा फेस तिथवर पोचला की ऑटो कट होतो. वेगानं भरलं की फेस जास्त होतो आणि कट लवकर होतो. गाडी थोडी कलती उभी असली तरी फरक पडतो. म्हणून टाकी 'फुल' झाली तरी दर वेळी सारखीच भरत नाही. दहा लिटरच्या हिशेबात दीड लिटरची चूक पंधरा टक्क्यांची होते. पण सलग टाक्यांची बेरीज केली की मधल्या चुका एकमेकींत जिरतात आणि फक्त पहिल्या व शेवटच्या भरण्यातला फरक उरतो. पुढच्या दोन टाक्या धरून माझे एकूण १,३०२ किलोमीटर आणि ८४ लिटर झाले. ॲव्हरेज पुन्हा १५.५ आलं. इथं दीड लिटर इकडेतिकडे झालं, तरी उत्तर पाव किलोमीटरपेक्षा फारसं हलत नाही.

मग डॅशबोर्डवरचे १६.६ कुठून आले? गाडीचा संगणक पेट्रोल मापत नाही. इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला यावरून तो अंदाज बांधतो. एका क्षणात किती पेट्रोल सुटतं हा आकडा कारखान्यातूनच त्यात भरलेला असतो. प्रत्यक्षात थोडं जास्त सुटत असेल, तर आकडा कायम फुगलेला दिसतो. माझ्या गाडीत तो सुमारे सात टक्क्यांनी फुगलेला आहे. पण ही चूक जवळपास एकसारखी राहते, आणि हाच त्याचा उपयोग. टायरमधली हवा कमी झाली किंवा एसी लावून चौकात अर्धा तास अडकलात, तर आकडा खरोखर उतरतो. तुलनेसाठी तो उत्तम, पैशांच्या हिशेबासाठी नाही.

दोन्ही पद्धती किलोमीटर मात्र एकाच ठिकाणाहून घेतात. टायर झिजले की चाकाचा घेर घटतो, तेवढ्याच रस्त्याला जास्त फेरे होतात आणि ॲव्हरेज एक-दोन टक्के जास्त दिसतं. ही चूक दोन्हींच्या तुलनेतून कधीच सापडत नाही. लांबच्या रस्त्यावर मोबाइलच्या जीपीएसशी अंतर ताडून बघा.

स्वतः करायचं असेल तर पंप एकच ठेवा, शक्यतो नोझलही तेच, आणि गाडी सपाट जागी उभी करा. हळू भरायला सांगा आणि पहिल्या ऑटो कटला थांबा. "राउंड फिगर करू का?" असं विचारलं तर नको म्हणा. गळ्यापर्यंत भरलं तर जादा पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात जाऊन तो खराब करू शकतं. पहिल्या फुलला डॅशबोर्डचं ॲव्हरेज शून्य करा आणि तीन-चार टाक्या होईपर्यंत हात लावू नका. मध्ये थोडंसं पेट्रोल भरलंत तरी ते बेरजेत धरा. शेवटी पहिल्या फुलनंतरचे एकूण किलोमीटर भागिले त्यानंतर भरलेले एकूण लिटर.

डॅशबोर्ड आणि टाकीच्या हिशेबातला हा फरक एकदा कळला की तो वहीत लिहून ठेवा, कारण पुढं दोष शोधताना तोच कामाला येतो. दोन्ही आकडे बरोबरीनं उतरले, तर हवा, अडकलेला ब्रेक, घसरणारा क्लच किंवा ट्रॅफिक बघा. डॅशबोर्ड जागेवर आणि फक्त टाकीचा हिशेब एकदाच खाली आला, तर काही बदलू नका, पुढची टाकी त्यात मिळवा. तो दोन-तीन टाक्या सलग खालीच राहिला, तर पेट्रोल संगणकाच्या मोजणीबाहेर जातंय: कुठंतरी गळती आहे, इंजेक्टर ठिबकतोय किंवा पंपावर माप कमी मिळतंय. पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं, ते मागून समोर भरून घ्या. गळती नाही आणि मापही बरोबर निघालं, तरच इंजेक्टरची तपासणी करायला सांगा.